180 टीबी वर्षाला म्हणजे नेमकं किती? नॅससाठी हार्ड डिस्क घेताना डेटाशीट कशी वाचायची

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मामेभावाचा फोन आला, तो इथे इंदूरलाच लोकमान्य नगरात राहतो आणि लग्नाचे व्हिडिओ करतो, म्हणाला दादा, चार खणांचं नॅस घेतलंय, आता त्यात डिस्क कुठल्या टाकू ते सांग, दुकानदार म्हणतोय "भैया, सब आठ टीबी एक जैसी ही होती है, जो सस्ती है वो ले जाओ". मी म्हटलं थांब, काही घेऊ नकोस, संध्याकाळी येतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉपवर तीन डेटाशीट उघडून दोन तास बसलो होतो आणि तेव्हा जे काय केलं तेच इथे पायरी पायरीनं लिहितोय, कारण पहिल्यांदा नॅस घेणारे बहुतेक जण डेटाशीट उघडतच नाहीत, आणि उघडली तरी कपॅसिटी आणि वॉरंटी बघून बंद करतात.

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, अनेक डिस्क मावणारा, फाइल ठेवायचा डबा. डेटाशीट म्हणजे कंपनीच्या साइटवर मिळणारी दोन-चार पानांची पीडीएफ. त्यात वीस-पंचवीस ओळी असतात पण नॅसवाल्याला खऱ्या कामाच्या तीन: वर्कलोड रेटिंग, फिरण्याचा वेग म्हणजे आरपीएम, आणि बिघाडाचे आकडे म्हणजे एमटीबीएफ किंवा एएफआर. आणि या तिन्हीच्या खाली बारीक अक्षरातल्या तळटीपा असतात, त्या सोडल्या तर वरचे आकडे वाचून काही उपयोग नाही.

पहिली पायरी: पूर्ण मॉडेल नंबर शोधा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. "डब्ल्यूडीची रेड 4 टीबी" किंवा "सीगेटची आयर्नवुल्फ 4 टीबी" हे नाव पुरेसं नाही, लेबलवरचा पूर्ण नंबर हवा. (वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, इथे रेड हे कंपनीनं डिस्कला दिलेलं नाव आहे, खाली रेड-5 असं लिहीन तिथे चार डिस्क एकत्र जोडायची पद्धत समजा.)

उदाहरण बघा. WD40EFRX, WD40EFAX आणि WD40EFPX, तिन्ही 4 टीबीच्या, तिन्हींवर रेड हे नाव, फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा. पण EFAX ही एसएमआर आहे म्हणजे तिच्यात डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे मधलंच काही बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. बाकी दोन्ही सीएमआर, तिथे ट्रॅक वेगवेगळे. नॅसमधली एक डिस्क मेली आणि नवीन टाकून रीबिल्ड लावला, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर परत तयार करायला लावला, की एसएमआर डिस्कवर सलग तासन् तास लिहिणं चालतं आणि ती एका मर्यादेनंतर दमते, वेग खूप पडतो, कधी कधी नॅस तिला खराब समजून बाहेरच काढतं. 2020 च्या एप्रिलमध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता कारण नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क एसएमआर आहेत हे तेव्हा डेटाशीटमध्ये लिहिलेलंच नव्हतं. त्यानंतर कंपन्या आता रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी अशी ओळ देतात, ती बघा, सीएमआर लिहिलं असेल तरच पुढे वाचा. नॅससाठी एसएमआर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी, इथे माझं मत पक्कं आहे.

दुसरी पायरी: वर्कलोड रेटिंग, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

डेटाशीटमध्ये "वर्कलोड रेट लिमिट" किंवा नुसतं "वर्कलोड रेट" असं लिहिलेलं असतं आणि समोर टीबी पर इयर. साध्या डेस्कटॉप डिस्कला, उदाहरणार्थ सीगेटच्या बॅराकुडाला, 55. नॅसच्या साध्या डिस्कला, म्हणजे आयर्नवुल्फ, रेड प्लस, तोशिबाची एन300, यांना 180. त्याच्या वरच्या प्रो किंवा डेटासेंटरच्या डिस्कना 300 किंवा 550.

आता इथे नवीन माणसाचे दोन गैरसमज होतात आणि दोन्ही मला स्वतःला पहिल्या नॅसच्या वेळी झाले होते. पहिला, की हे फक्त लिहिण्याचं मोजमाप आहे. एसएसडीची सवय झालेल्या माणसाला तसंच वाटतं, कारण एसएसडी लिहून झिजते. हार्ड डिस्कमध्ये वाचणं आणि लिहिणं दोन्ही मोजलं जातं. कारण आतली रचनाच तशी आहे: प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीच्या, वर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं आणि नुसतं तरंगताना ते जरा वर असतं, पण वाचायची किंवा लिहायची वेळ आली की हेडमधला एक छोटा हीटर चालू होतो, त्यानं हेडचं टोक किंचित फुगतं आणि प्लॅटरपासून एखाद-दोन नॅनोमीटरवर येतं. घासण्याची शक्यता, धुळीचा एखादा कण आडवा येण्याची शक्यता, ही सगळी त्याच वेळी जास्त असते. म्हणून डिस्क नुसती चालू आहे यापेक्षा तिच्यातून किती डेटा गेला याला महत्त्व.

दुसरा गैरसमज, की मी वर्षभरात एवढा डेटा टाकतच नाही त्यामुळे मला 55 चीही चालेल. माझा भाऊ हेच म्हणत होता, "दादा, माझे वर्षाला अठरा टीबी होतात फार तर". बरोबरच होतं त्याचं, पण ते कॅमेऱ्यातून नॅसवर जाणारं. नॅस स्वतः काय वाचतं ते त्यात नव्हतंच. मग कागद घेतला आणि एकेक ओळ लिहिली, ती इथे तशीच देतो, तुमचे आकडे टाकून तुम्हीही करा.

त्याच्या चार डिस्क, प्रत्येकी 8 टीबी, रेड-5 मध्ये. वर्षाला साधारण 45 लग्नं आणि एका लग्नाचं फुटेज 400 जीबी, म्हणजे 18 टीबी. रेड-5 मध्ये तीन भाग डेटा आणि एक भाग पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती, असं चारही डिस्कवर वाटलं जातं, तेव्हा 18 टीबी डेटाबरोबर 6 टीबी पॅरिटी, एकूण 24, भागिले चार, म्हणजे एका डिस्कवर लिहिलं गेलं 6 टीबी. हे लक्षात ठेवा की रेटिंग एकेका डिस्कचं असतं, पूर्ण नॅसचं नाही, म्हणून भागायचंच.

आता वाचणं. तो एडिटिंग थेट नॅसवरून करतो, तेच फुटेज बघणं, कापणं, रेंडर करणं धरून सरासरी चार वेळा वाचलं जातं असं धरलं. 18 चोक 72 टीबी, भागिले चार डिस्क, प्रत्येकी 18. आतापर्यंत 24 झाले. 55 च्या आत. भाऊ खूश.

मग मी स्क्रबचा विषय काढला. स्क्रब म्हणजे नॅस ठरावीक दिवसांनी सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघतं की कुठे गुपचूप सेक्टर खराब झालाय का आणि पॅरिटी जुळते का. तो महिन्यातून एकदा लावायचा त्याचा विचार होता. आणि रेडच्या पातळीवरचा स्क्रब डिस्क किती भरलीय ते बघत नाही, पूर्ण 8 टीबी वाचतो, रिकाम्या जागेसकट (झेडएफएससारख्या काही सिस्टिम फक्त भरलेला भाग वाचतात, तिथे हिशेब कमी येईल). म्हणजे 8 गुणिले 12, एका डिस्कवर वर्षाला 96 टीबी. तो जे काम करणार होता त्याच्या चौपट वाचणं नॅस रात्री आपलं आपण करणार होतं. बेरीज 120. 55 ची डिस्क तिथेच बाद.

आणि अजून एक राहिलं होतं. जुन्या पद्धतीनं तो दर शनिवारी रात्री सगळा डेटा एका यूएसबी डिस्कवर नव्यानं कॉपी करायला लावायचा, रविवारी संध्याकाळपर्यंत चालायचं ते. नॅसवरही तेच करणार होता. त्याच्याकडे तेव्हा 10 टीबी डेटा होता. 10 गुणिले 52 म्हणजे 520 टीबी वर्षाला, भागिले चार, प्रत्येक डिस्कवर 130 टीबी आणखी. 120 आणि 130, झाले 250. आता 180 वाली नॅस डिस्कसुद्धा बाद! आणि समोरची ती एकटी यूएसबी डिस्क, जिच्या आत बहुतेक वेळा साधी डेस्कटॉप डिस्कच असते, तिच्यावर वर्षाला 520 टीबी लिहिलं जाणार होतं, तिच्याकडे तर कोणाचं लक्षच नव्हतं.

इथे दोन रस्ते होते. एक, जास्त पैसे देऊन 550 वाल्या डिस्क घ्यायच्या. दोन, बॅकअपची पद्धत बदलायची. आम्ही दुसरा घेतला, बॅकअप इन्क्रिमेंटल केला म्हणजे आठवड्यात जे नवीन आलं किंवा बदललं तेवढंच जातं, त्यामुळे 130 चे प्रत्येक डिस्कवर साडेचारच्या आसपास राहिले. एकूण 125 च्या जवळ. 180 वाल्या डिस्क आरामात पुरतात. प्रोच्या चार डिस्कचा जास्तीचा खर्च वाचला आणि त्यातून बॅकअपसाठी अजून एक डिस्क आली, जी कामाची गोष्ट आहे.

स्क्रब बंद करू का असं त्यानं विचारलं होतं. नाही, तो बंद करायचा नाही, रीबिल्डच्या वेळी खराब सेक्टर समोर येण्यापेक्षा आधी कळलेला बरा. फार वाटलं तर महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी करा, तीन महिन्यांनी केला तर त्याचे 96 चे 32 होतात.

180 ओलांडले की डिस्क त्या दिवशी बंद पडते असंही नाही. अर्थ एवढाच की कंपनीनं बिघाडाचा जो आकडा छापलाय तो या मर्यादेच्या आतल्या वापराचा आहे, बाहेर गेलात की तो आकडा तुमच्यासाठी नाही. म्हणूनच मी वर्कलोड आधी वाचतो आणि एमटीबीएफ शेवटी.

विकत घेतल्यानंतर खरं किती होतंय ते मोजा

कागदावरचा अंदाज तो अंदाजच, पण डिस्क स्वतः मोजत असते. नॅसला एसएसएचनं जोडता येत असेल तर ही कमांड:

```
sudo smartctl -l devstat /dev/sda
```

त्यात तीन ओळी शोधायच्या. भावाच्या पहिल्या डिस्कचे आकडे या मार्चमध्ये असे होते:

```
Power-on Hours             7011
Logical Sectors Written    14062911384
Logical Sectors Read       189850127752
```

सेक्टर 512 बाइटचा धरायचा आणि सूत्र हे:

```
TB/year = (Written + Read) * 512 / 10^12 * 8760 / Hours
```

लिहिलेलं 7.2 टीबी, वाचलेलं 97.2 टीबी, बेरीज 104.4. वर्षाचे तास 8760, भागिले 7011 म्हणजे जवळपास 1.25. गुणाकार 130 टीबी वर्षाला. आमचा अंदाज 125 होता, फार लांब नाही. सीगेट आणि डब्ल्यूडी दोघेही वर्कलोड याच पद्धतीनं, चालू तासांवरून वर्षाचा काढतात, त्यामुळे हा आकडा थेट डेटाशीटच्या 180 शी ताडून बघता येतो. लिहिणं आणि वाचणं यातला फरकही बघा, 7 आणि 97, नॅसची डिस्क मुख्यतः वाचतच असते.

काही डिस्क ही नोंद देत नाहीत, मग smartctl -A मध्ये 241 आणि 242 नंबरच्या ओळी बघायच्या, त्याही नसतील तर कागदावरच भागवायचं. पहिलं मोजमाप साधारण दोन महिन्यांनी करा, सुरुवातीला सगळा जुना डेटा भरताना आकडा फुगलेला दिसतो, घाबरू नका.

तिसरी पायरी: आरपीएम

5400 म्हणजे मिनिटाला 5400 फेरे, सेकंदाला 90, एका फेऱ्याला 11.1 मिलिसेकंद. हवा असलेला सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे 5.6 मिलिसेकंद. 7200 मध्ये हेच 4.2. फरक दीड मिलिसेकंदाचा, आणि तो दर वेळी जागा बदलताना मोजायचा. मोठी सलग फाइल वाचताना जागा क्वचितच बदलते त्यामुळे जाणवत नाही, हजारो छोट्या फाइल असतील किंवा चार-पाच जण एकाच वेळी वेगवेगळं मागत असतील किंवा नॅसवर व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर जाणवतो.

भावाला 7200 च हवी होती, "एडिटिंग आहे ना दादा, फास्ट पाहिजे". मी विचारलं नॅसपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर कुठली? साधं गिगाबिट. गिगाबिटवर कितीही केलं तरी सेकंदाला 110 ते 115 एमबी येतात. 5400 वाल्या एका नॅस डिस्कच्या डेटाशीटवरच "180 एमबी पर सेकंदपर्यंत" असं लिहिलेलं असतं, ते बाहेरच्या ट्रॅकचं, आत जाता जाता ते निम्म्याच्या जवळ येतं हे खरं, पण इथे चार डिस्क एकत्र वाचतायत, वायर आधीच भरून वाहतेय. त्याचं फुटेज 100 मेगाबिटचं, म्हणजे एका क्लिपला सेकंदाला साडेबारा एमबी, एका वेळी तीन कॅमेरे टाइमलाइनवर ठेवले तरी 38 च्या आत. 7200 नं त्याला काहीच मिळणार नव्हतं.

आणि जास्त वेगाची किंमत असते. डेटाशीटमध्ये खाली वॅटची ओळ असते, दोन्ही डिस्कची शेजारी ठेवून बघा. समजा एका डिस्कमागे 3 वॅटचा फरक आहे, चार डिस्कचे 12 वॅट, वर्षभर चालू म्हणजे 105 युनिट. बिलापेक्षा मला त्या उष्णतेची काळजी जास्त वाटते, ते पुढे येतंच. शिवाय आवाज, नॅस बैठकीच्या खोलीत असेल तर रात्री 7200 ची घरघर ऐकू येते.

एक सापळा आहे इथे. डेटाशीटमध्ये कधी "5400 आरपीएम क्लास" असं लिहिलेलं असतं. क्लास म्हणजे त्या वर्गाची कामगिरी, प्रत्यक्ष फिरण्याचा वेग नाही. 2020 मध्ये लोकांनी डिस्कचा आवाज रेकॉर्ड करून त्याची फ्रिक्वेन्सी काढली होती, 5400 ला 90 हर्ट्झचा सूर यायला हवा, काही "क्लास"वाल्या डिस्कमधून 120 चा आला, म्हणजे फिरत होत्या 7200 नं. एकाच मालिकेत लहान कपॅसिटीची डिस्क हळू आणि मोठी जलद असंही असतं. म्हणून नावावरून नाही, पूर्ण मॉडेल नंबरच्या रकान्यातून वाचा, आणि "क्लास" हा शब्द दिसला तर वॅटची ओळ बघा, ती खरं सांगते.

चौथी पायरी: एमटीबीएफ आणि एएफआर

नॅस डिस्कवर बहुधा लिहिलेलं असतं एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, 10 लाख तास. भागायला गेलात तर 114 वर्षं येतात आणि माणूस म्हणतो, माझ्या नातवापर्यंत चालेल. तसं ते नसतंच. समजा तिशीतली हजार माणसं घेतली आणि वर्षभरात त्यातला एक गेला, तर हिशेबानं "सरासरी आयुष्य हजार वर्षं" येईल, पण हजार वर्षं कोणीच जगत नाही, कारण वय वाढलं की मरणाचं प्रमाण बदलतं. एमटीबीएफ असाच तरुण डिस्कच्या घोळक्याचा आकडा आहे.

त्याला वापरायच्या रूपात आणायचं तर वर्षाचे तास त्यानं भागा: 8760 भागिले 10 लाख, 0.88 टक्के. हाच एएफआर, म्हणजे वर्षाला शंभरात किती डिस्क जातील. काही कंपन्या एमटीबीएफ न देता थेट हाच छापतात. 25 लाख तास असेल तर 0.35 टक्के. दोन डेटाशीटमध्ये वेगळे शब्द असतील तर आधी दोन्ही एएफआरमध्ये आणा, मगच तुलना करा.

आता हा छापलेला आकडा प्रत्यक्षात कितपत उतरतो? कार्नेगी मेलनच्या दोन संशोधकांनी 2007 मध्ये साधारण एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या होत्या, डेटाशीटप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त 0.88 टक्के बदलायला हव्या होत्या, बदलल्या गेल्या बऱ्याच ठिकाणी 2 ते 4 टक्के आणि एके ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत. हल्लीचं बघायचं तर बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी आपल्या डेटासेंटरमधल्या डिस्कचे आकडे दरवर्षी जाहीर करते, त्यांचा सगळ्या डिस्क मिळून एएफआर 2023 ला 1.70 आणि 2024 ला 1.57 टक्के होता. म्हणून मी घरच्या हिशेबाला छापील 0.88 न धरता दीड टक्का धरतो.

चार डिस्क, पाच वर्षं, म्हणजे वीस डिस्क-वर्षं. दीड टक्क्यानं पाच वर्षांत निदान एक डिस्क जाण्याची शक्यता 26 टक्के येते. असं चार खणांचं नॅस असलेली चार घरं धरली तर त्यातल्या एका घरात पाच वर्षांच्या आत डिस्क बदलावी लागेल. हे भावाला सांगितल्यावर त्यानं बॅकअपचा विषय पहिल्यांदा नीट ऐकला. छापील 0.88 धरली तरी 16 टक्के येतात, म्हणजे निर्णय तोच राहतो: एक डिस्क जाणार हे धरून चालायचं. एका डेटाशीटवर 0.88 आणि दुसरीवर 0.73 दिसलं तर त्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका, वॉरंटी तीन वर्षं आहे की पाच, याला द्या.

आणि तापमान. एमटीबीएफखालची तळटीप वाचा, तिथे कशाच्या भरवशावर हा आकडा दिलाय ते असतं: अमुक टीबी वर्कलोड आणि अमुक तापमान, बऱ्याच ठिकाणी 40 अंश. वरच्या भागात "ऑपरेटिंग टेंपरेचर 65 अंशांपर्यंत" असं मोठ्या अक्षरात असतं ते वेगळं, त्याचा अर्थ तिथपर्यंत डिस्क चालेल, बिघाडाचा आकडा तोच राहील असा नाही. इंदूरला मे महिन्यात बाहेरच 42 असतं. भावानं नॅस माळ्यावर ठेवलं होतं, पत्र्याच्या खाली, वायर दिसू नयेत म्हणून, आणि तिथे डिस्क 54 अंश दाखवत होत्या, हात लावला तर डबा चटका देत होता. मी त्याच दिवशी ते खाली उतरवून एडिटिंगच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यापासून लांब (कूलरची ओल नको) पण पंख्याखाली ठेवायला लावलं, 43 वर आल्या. 7200 वाल्या घेतल्या असत्या तर त्याच जागी अजून काही अंश वर गेल्या असत्या.

बाकी ओळी पटकन

"किती खणांच्या नॅससाठी" ही ओळ बघा, साध्या नॅस डिस्क बहुतेक आठ खणांपर्यंत सांगितलेल्या असतात, शेजारच्या डिस्कची थरथर सोसण्याशी त्याचा संबंध आहे. कॅश 256 एमबी आहे की 128 याचा विचार सोडून द्या, वरच्या उदाहरणातल्या एसएमआर EFAX लाही 256 एमबीच आहे.

डेस्कटॉप डिस्क नॅसमध्ये का नको याचं अजून एक कारण डेटाशीटमध्ये ठळक नसतं. सेक्टर वाचता आला नाही तर नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानते आणि नॅसला सांगते, मग नॅस तो भाग पॅरिटीतून काढतं. डेस्कटॉप डिस्क स्वतःच बराच वेळ प्रयत्न करत बसते, तेवढ्यात नॅसला वाटतं डिस्क गेली. माझ्या आधीच्या नोकरीच्या ठिकाणी स्वस्तात आणलेल्या चार डेस्कटॉप डिस्कवर हेच झालं होतं, एक बाहेर पडली, रीबिल्ड चालू असताना दुसरीही अडकली आणि तीन वर्षांची ड्रॉइंग्ज गेली. त्या डिस्कच्या डेटाशीटवर वर्कलोड 55 असं स्वच्छ लिहिलेलं होतं, फक्त वाचलं कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

शेवटचं काम दुकानातच करायचं. सील फोडायच्या आधी लेबलवरचा मॉडेल नंबर, तुम्ही जी डेटाशीट वाचली तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. चारही डिस्कची वॉरंटीची शेवटची तारीख आजपासून डेटाशीटवर लिहिलेल्या पूर्ण वर्षांच्या आसपास दिसली पाहिजे. भावाच्या चारपैकी एकीची तारीख तब्बल चौदा महिने आधीची निघाली, दुकानदाराला फोनवर दाखवली, त्यानं काही न बोलता आतून दुसरी आणून दिली.